पहिल्या भेटीनंतर सकाळचा थँक-यू मेसेज: पुढचं विचारायचं की मोकळं सोडायचं?

अंबडचा_फर्स्ट_शिफ्ट: काल एका मुलीला पहिल्यांदा भेटलो, गंगापूर रोडला, कॉफी. ती उपनगरहून स्कूटीवर आली. दोन तास कसे गेले कळलं नाही. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे, म्हणून निघताना दोघंही "बघू, बोलू" एवढंच म्हणालो. आज सकाळी पाठवायला हे लिहिलंय: "हाय, काल खूप मजा आली. तू फोटोपेक्षा छान दिसतेस. नीट पोचलीस ना? घरी कोणी काही बोललं नाही ना? परत कधी भेटायचं? शनिवारी जमेल?" तिच्यावर दबाव नको, पण मला रस नाही असंही वाटायला नको. पाठवू का?

कॉलेजरोड_कट्टा: अजिबात पाठवू नकोस. सकाळी सकाळी मेसेज म्हणजे रात्रभर झोपला नाहीस असं दिसतं. दोन-तीन दिवस जाऊ दे, तिला वाट बघू दे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच करतात.

गोदाकाठची: कट्टा, तुमचं निम्मं बरोबर आहे. सहाला पाठवला तर तो सुविचारांच्या फॉरवर्डमध्ये बुडेल, आणि डोळे उघडायच्या आत कोणी उत्तराची वाट बघतंय हे कोणालाच आवडत नाही. पण तीन दिवसांनी आभार मानले की ते आभार राहत नाहीत, चौकशी होते. तोवर तिने मनात निकाल लावलेला असतो. नऊ-दहाच्या सुमारास पाठवावा, माणूस कामाला लागलेला असतो, सवडीने वाचतो.

आता मजकूर. चार प्रश्न आहेत. परीक्षेच्या तोंडावर असलेल्या मुलीला सकाळी चार उत्तरं द्यायला लावणं हाच दबाव. "घरी कोणी काही बोललं नाही ना" हे तर काढाच, एका कॉफीवर तुम्ही तिच्या घरात शिरलात. "नीट पोचलीस ना" रात्रीच विचारायचं होतं, आता ती ऑफिसलाही पोचली असेल. आणि "फोटोपेक्षा छान" म्हणजे फोटो वाईट होता का, हे तीच विचारत बसेल.

दिसण्याऐवजी तिने सांगितलेलं काहीतरी घ्या, जे दुसऱ्या कुठल्याही मुलीला पाठवता येणार नाही. काल ती काय बोलली ते आठवतंय का?

अंबडचा_फर्स्ट_शिफ्ट: बरंच. तिचं आजोळ तिवंध्यात. आजोबांनी रंगपंचमीला चष्म्यासकट रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात, उडी मारली, आणि चष्मा सापडला तो पुढच्या वर्षी रहाड उघडली तेव्हा. हे सांगताना ती इतकी हसत होती की कॉफी गार झाली. दुसरं म्हणजे द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकूनही आल्यावर तिने कुरकुर केली नाही.

सातपूरचे_काका: अहो पण मुलीच्या वडिलांशी बोलणं झालंय का? आमच्या वेळी कांदेपोहे झाले की मध्यस्थाकडे निरोप जायचा, मुलाने परस्पर लिहायची पद्धत नव्हती. पत्रिका जुळते का ते आधी बघा, मग आभार.

अंबडचा_फर्स्ट_शिफ्ट: काका, हा बघण्याचा कार्यक्रम नव्हता, आम्ही आपले आपणच भेटलो.

सातपूरचे_काका: मग मला यातलं काही कळत नाही. पण आभार मानणं चांगलंच.

गोदाकाठची: चष्म्याची गोष्ट सोन्यासारखी आहे, तीच घ्या. असं काहीतरी:

"गुड मॉर्निंग. काल द्वारकेच्या गर्दीतून एवढ्या लांब आलीस, थँक यू. रहाडीतला चष्मा आठवून मी आज बसमध्ये एकटाच हसलो, शेजारचा सरकून बसला. परीक्षा छान होऊ दे. ती झाली की परत भेटायला मला आवडेल."

प्रश्नचिन्ह एकही नाही. उत्तर दिलं तर आनंद, नाही दिलं तरी तिच्यावर काही लटकत नाही. पण शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं "थँक यू, छान वाटलं भेटून, काळजी घे" हा आपल्याकडे नकाराचाच सभ्य नमुना आहे. ऊब असते, पण पुढचं काहीच नसतं, आणि समोरची बरोबर ओळखते.

पंचवटी_एक्सप्रेस: मला हे पटत नाही. "आवडेल" म्हणजे हवेत सोडलेलं वाक्य. परीक्षेचं तर तुम्हीच तिला कारण काढून दिलंत. सरळ लिहा, "परीक्षेनंतरच्या रविवारी सोमेश्वरला येशील?" हो तर हो, नाही तर नाही. मोकळं सोडणारे पुरुष बहुतेक वेळा दुसरीकडेही मोकळेच असतात, हे बायकांना माहीत असतं.

गोदाकाठची: शेवटच्या वाक्यात दम आहे. स्वतःलाच नक्की नसेल तर "आवडेल" लिहू नये, ती फसवणूक होईल. पण इथे त्याला भेटायचंय आणि अडचण तिची आहे, तीही तिनेच सांगितलेली. ज्या दिवसाचं तिलाच माहीत नाही त्याची तारीख सकाळी दहाला मागून मिळणार काय? "बघते". आणि "बघते" मिळालं की हा महिनाभर त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसणार. पळवाटेचं म्हणाल, तर ती असलेलीच बरी. जिला यायचंय ती परीक्षेआडून बोलत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस: परीक्षा नसती तर?

गोदाकाठची: तर दिवस विचारा म्हटलं असतं, पण तोही या मेसेजमध्ये नाही. आधी तिचं उत्तर येऊ दे.

मखमलाबाद_नाका: मला एकाने दुसऱ्या दिवशी भलामोठा मेसेज पाठवला होता. मी काय खाल्लं, काय घातलं होतं, मी हसले तेव्हा त्याला काय वाटलं, सगळं. वाईट काहीच नव्हतं, पण तेवढ्याच लांबीचं उत्तर द्यावं लागेल या धास्तीने मी दोन दिवस उघडलाच नाही. मग लाज वाटून उघडला नाही. मुलगा बरा होता खरं तर. आणखी एक: काल प्रत्यक्षात अहो-जाहो होतं की अगं-तुगं? बोलताना "तुम्ही" आणि सकाळी मेसेजमध्ये एकदम "तू" आलं की मी तरी दचकते.

अंबडचा_फर्स्ट_शिफ्ट: कॉफी येईपर्यंत तुम्ही होतं, मग तिनेच तू म्हटलं.

मखमलाबाद_नाका: मग तूच ठेव. आता तुम्हीवर गेलास तर तिला वाटेल काहीतरी बिनसलं.

कॉलेजरोड_कट्टा: आणि ब्लू टिक आली, उत्तर नाही, तर? मी तर दुपारी एक "?" टाकतो.

गोदाकाठची: ते प्रश्नचिन्ह अख्ख्या मेसेजवर पाणी फिरवतं. आभार मानले होते की उधारी वसूल करायची होती, असं होतं मग. उत्तर कसं आलं ते बघावं. "थँक्स, मलाही छान वाटलं" आणि एक स्मायली, एवढंच असेल तर ती सभ्यपणे वागली, त्यावरून हो-नाही काही काढू नये. तिने स्वतःची भर घातली, म्हणजे "आजोबा आजही म्हणतात तो चष्मा त्यांचा नव्हताच", तर दार उघडं आहे. मग त्या गंमतीवर एखादं वाक्य बोला आणि तिला अभ्यासाला जाऊ द्या. रोजचं गुड मॉर्निंग सुरू करू नका. परीक्षा संपली की एकदाच विचारायचं, तेव्हा मात्र दिवस आणि जागा धरून. त्यालाही उत्तर नाही आलं तर विषय संपला.

पंचवटी_एक्सप्रेस: म्हणजे शेवटी दिवस आणि जागा धरूनच! महिनाभर उशिरा माझंच म्हणणं. तोवर दुसरा कोणी विचारून मोकळा झालेला असेल.

गोदाकाठची: होईलही. त्याची हमी आज तारीख मागूनही मिळत नाही.

अंबडचा_फर्स्ट_शिफ्ट: पाठवला. शेजारच्याचं वाक्य काढलं, कारण मी कंपनीच्या बसने जात नाही, बाइकने जातो. "गाडी चालवताना हेल्मेटमध्ये हसलो" असं केलं.

मखमलाबाद_नाका: हे जास्त चांगलं आहे.

सातपूरचे_काका: हेल्मेट घालता हे वाचून बरं वाटलं. तिच्या वडिलांना कळवा.