उच्चीचा गुरू वक्री असला तर नीचीचं फळ देतो का?

सातारकर_आई: मुलाचा जन्म साताऱ्यातला, 2 फेब्रुवारी 2015, सकाळी साडेअकरा. मेष लग्न, चौथ्या स्थानात कर्केचा गुरू, त्याच्यापुढे 'व' लिहिलंय. सूर्य दशमात मकरेत. एका ज्योतिषांनी सांगितलं, उच्चीचा ग्रह वक्री झाला की नीचीसारखा वागतो, शिक्षणात खंड पडणार, शांती करून घ्या. तेव्हापासून सासूबाईंचं लक्ष जेवणावरही नाही. हे खरं आहे का?

कृष्णाकाठ_सांगली: ताई, असा नियम ग्रंथात आहे, तो त्यांनी मनाने काढलेला नाही. 'उत्तरकालामृता'त उच्चीचा वक्री नीचीसारखा आणि नीचीचा वक्री उच्चीसारखा, असं सांगितलंय. पण 'फलदीपिका' नेमकं उलट सांगते: वक्री ग्रह तेजाने भरलेला असतो, नीच किंवा शत्रू राशीत असला तरी बलवान. एकच ग्रंथ हाताशी धरून आईला घाबरवणं मला पटत नाही.

मी बळ मोजून बघतो. गुरूचं परमोच्च कर्केच्या 5 अंशांवर. तुमच्या मुलाचा गुरू त्या दिवशी 24 अंशांच्या आसपास, म्हणून उच्चबळ 60 पैकी सुमारे 54. वक्री ग्रहाला चेष्टाबळ निराळं मिळतं, आणि इथे सूर्य जवळजवळ समोरासमोर आहे, त्यामुळे तेही पुरत्या 60 च्या जवळ. या दोन्हींची बेरीज करतात. एक दुसऱ्याला खोडत नाही.

वाईचा_वाटसरू: बळ ठीक आहे, पण वक्री ग्रह मागच्या स्थानाचं फळ देतो ना? म्हणजे गुरू चौथ्यात दिसला तरी तिसऱ्याचं बघायचं. आमच्याकडे असंच बघतात.

कृष्णाकाठ_सांगली: काही जण बघतात, पण मग निदान ग्रह मागच्या राशीत जाणारा तरी हवा. हा गुरू डिसेंबर 2014 मध्ये कर्केच्या 28 अंशांच्या पुढे वक्री झाला आणि 8 एप्रिल 2015 ला 18 अंशांच्या जरा पुढे मार्गी झाला. चार महिन्यांत मागे आला तो दहा अंश, कर्क सोडलीच नाही. मिथुनेचं फळ कुठून आणायचं?

मिरजेची_सुनंदा: हो ना, वक्री फार वाईट. गेल्या महिन्यात बुध वक्री होता, मुलीचा नवा मोबाईल आठ दिवसांत बिघडला. तुम्हीही आत्ता शाळा बदलू नका.

कृष्णाकाठ_सांगली: सुनंदाताई, तुम्ही म्हणता ते गोचर. इथे प्रश्न जन्मवेळच्या ग्रहाचा आहे. आज बुध कसाही असो, त्या मुलाच्या पत्रिकेतला गुरू आहे तसाच राहणार.

विज्ञान_शिक्षक_कराड: गुरू मागे जातच नाही. पृथ्वी वर्षात सूर्याभोवती फिरते, गुरूला सुमारे बारा वर्षं लागतात. दर तेरा महिन्यांनी आपण त्याला आतल्या बाजूने गाठून पुढे जातो, तेव्हा तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. त्याच सुमारास तो आपल्याला सर्वांत जवळ आणि रात्रभर तेजस्वी असतो. या तेरा महिन्यांतले चार महिने तो वक्री, म्हणजे दर दहा मुलांत तिघांचा गुरू वक्री. त्या हिवाळ्यात जन्मलेली मुलं माझ्या वर्गात आहेत, आणि त्या सगळ्यांचा गुरू उच्चीचा होता. काही हुशार आहेत, काही सामान्य. सगळ्यांच्या शिक्षणात खंड पडणार का?

कृष्णाकाठ_सांगली: गणित बरोबर आहे सर, फलदीपिका म्हणते ते तेजही हेच. पण त्या मुलांची लग्नं वेगळी. कुणाचा गुरू चौथ्यात, कुणाचा आठव्यात. फळ तिथे बदलतं.

विज्ञान_शिक्षक_कराड: मग फळ स्थानाचं झालं, वक्रीचं नाही. 'व' काढून टाकला तर तुमच्या सांगण्यात काय बदलेल?

कृष्णाकाठ_सांगली: बळ बदलेल. आणि माझ्या बघण्यात वक्री गुरूची माणसं शिकवलेलं पहिल्यांदा स्वीकारत नाहीत, स्वतः पडताळतात. हे अनुभवाचं आहे, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

माहुली_संगम: माझ्या वडिलांच्या हस्तलिखित पत्रिकेत शनीपुढे 'व' आहे, आणि सूर्य शनीपासून दुसऱ्या स्थानात. हे कसं?

कृष्णाकाठ_सांगली: ती चूक आहे. शनी किंवा गुरू वक्री असेल, तर सूर्य त्याच्यापासून साधारण पाचव्या ते नवव्या स्थानात सापडतो. दुसऱ्यात सूर्य असताना शनी वक्री होणं शक्य नाही. त्या सालच्या पंचांगात बघून घ्या. ताई, तुमच्या पत्रिकेत सूर्य गुरूपासून सातवा, म्हणून तो 'व' खरा आहे.

सातारकर_आई: म्हणजे शांती करायची की नाही?

कृष्णाकाठ_सांगली: मेषेला गुरू भाग्येश, चौथ्यात उच्चीचा, वर चेष्टाबळ. या गुरूसाठी मी शांती सांगणार नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी करायची असेल तर करा, पण शिक्षणाच्या भीतीने नको.

विज्ञान_शिक्षक_कराड: एवढ्यापुरतं आपलं जमलं. तो अभ्यासात कुठे अडतो, ते त्याच्या वर्गशिक्षकांना विचारा.

वाईचा_वाटसरू: मला मात्र उत्तरकालामृताचा नियम असा सोडून द्यावासा वाटत नाही. नीचीचा वक्री शनी असलेल्यांनी आपले अनुभव लिहा.