परतावा किंवा शिष्यवृत्ती खात्याच्या तपशिलामुळे अडकली होती का? अनुभव लिहा

काय भरलं होतं आणि गाडं कशानं सुटलं, तेवढं सांगा. स्वतःचा खाते क्रमांक इथे टाकू नका.

सुरुवात माझ्या सासऱ्यांच्या प्राप्तिकर परताव्यापासून. त्यांचं खातं देना बँकेतलं. ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. पोर्टलवर मात्र BKDN0 ने सुरू होणारा जुना कोड तसाच राहिला होता. परतावा मंजूर झाला, पण खात्यात जमा झाला नाही. नवं पासबुक आणलं तेव्हा कळलं, कोडच नव्हे, खाते क्रमांकही बदललाय. My Bank Account मध्ये नवं खातं जोडलं, ते validate झालं, मग Refund Reissue ची विनंती टाकली. ही विनंती विसरू नका. नुसतं खातं जोडून पैसे पुन्हा निघाले नव्हते.

निवृत्त बँकवाला: आयएफएससीत अकरा अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य. BARB0 मध्ये तिथे इंग्रजी ओ टाकणारे मी खिडकीवर सतत पाहिले. स्टेट बँकेच्या पासबुकात आणखी एक अडचण आहे. खाते क्रमांक अकरा आकडी आणि सीआयएफ क्रमांकही अकरा आकडी. फॉर्ममध्ये सीआयएफ भरून मोकळे होतात.

शुभांगी: एवढं घाबरू नका. नाव जुळलं नाही तर बँक पैसे परतच पाठवते.

निवृत्त बँकवाला: ताई, प्राप्तिकराच्या पोर्टलवर खातं आधी पॅन आणि नावाशी पडताळतात, तिथपुरतं तुमचं बरोबर. पण साध्या एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे तिकडे जातात. म्हणून महाविद्यालय अनामत परत करताना रद्द केलेला चेक मागतं, तो द्या.

कॉलेजकट्टा: माझी महाडीबीटीची शिष्यवृत्ती भलत्याच बँकेत गेली! क्रमांक तर अचूक होता.

निवृत्त बँकवाला: ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. एकाहून जास्त खाती असतील तर शेवटी जिथे आधार जोडलं, तिथे बघ.

मस्कतकर: माझी अडचण खात्याच्या प्रकाराची होती. परदेशी आल्यावर बँकेनं बचत खातं एनआरओ केलं, पोर्टलवर मात्र Savings च होतं. पडताळणी होईना. प्रकार NRO केला, लगेच झाली.

विद्या_सातारा: आईचं संयुक्त खातं आहे, पहिलं नाव बाबांचं. बाबा गेले. आईच्या पॅनवर ते validate होत नाही. शाखेत म्हणतात आधी नाव काढा, करसल्लागार म्हणतात नवं खातं उघडा. कुणी यातून गेलंय का?