मदत हवी आहे: डबरा-टंबलरमध्ये कॉफी वर-खाली ओतली की फेस टिकत नाही आणि कॉफी गार होते

मैलापूरचा_भाडेकरू
नमस्कार. आठ महिने झाले पुण्याहून चेन्नईत येऊन. घरमालकीण मामी रोज सकाळी कॉफी देतात, वर बोटभर फेस, शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. मी तशीच करायला जातो तर मोठेमोठे बुडबुडे येतात आणि अर्ध्या मिनिटात फुटून जातात. म्हणून जास्त वेळा ओततो, तर कॉफी कोमट होते. चवही पातळ वाटते. मामी मुलीकडे गेल्यात, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. शुक्रवारी आई येतेय, तिला ही कॉफी प्यायची आहे. नेमकं काय चुकतंय ते लवकर सांगा.

सुनीती_क
सोपं आहे. कपात इन्स्टंट कॉफी एक चमचा, साखर दोन चमचे, पाणी अगदी थेंबभर. चमच्याने दहा मिनिटं फेटायची, पांढरट झाली की वरून कडकडीत दूध. फेस हलत नाही. आमच्याकडे पाहुणे आले की हीच करते.

मैलापूरचा_भाडेकरू
ताई, फेटलेली कॉफी नको आहे. फिल्टरची आहे, डिकॉक्शनची. दोन भांड्यांत ओतून फेस आणायचा आहे.

अनिकेत७८
दूध बदला. फेस म्हणजे फॅट. फुल क्रीम घ्या, प्रश्न संपला. टोन्ड दुधाची कॉफी कधीच दाट होत नाही.

कावेरीकाठ
दादा, आम्ही कुंभकोणमचे. घरात तंजावरची मराठी बोलतो, लिहिण्यात काही वेगळं वाटलं तर सांभाळून घ्या. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. दूध कुठलं, कधी तापवलेलं? डिकॉक्शन किती घालता, ताजं की ठेवलेलं? किती वेळा ओतता? आणि ओतताना धार कुठे पडते, मधोमध की भांड्याच्या कडेवरून?

मैलापूरचा_भाडेकरू
दूध नेहमीचंच, पिशवीचं. सकाळी एकदाच तापवून ठेवतो, लागेल तसं परत गरम करतो, साय गाळून घेतो. डिकॉक्शन रात्री पाडून फ्रिजमध्ये असतं. एका पेल्याला ५० मिली डिकॉक्शन, १०० मिली दूध. ओततो बारा-पंधरा वेळा तरी. धार कुठे पडते ते बघितलेलं नाही. पण या सगळ्याचा फेसाशी काय संबंध?

दुग्धशाळा
सगळा संबंध याच्याशीच आहे. मी वीस वर्षं दूध तपासायचं काम केलं, घरी फिल्टर कॉफीच पितो.

आधी गार होण्याचं बघू. फ्रिजमधलं डिकॉक्शन ६ अंशांच्या आसपास. तुमचं दूध ८५ अंशांचं धरलं, तरी ५० मिली आणि १०० मिली एकत्र झाल्यावर मिश्रण ५८-५९ अंशांवर येतं. म्हणजे पहिली धार धरायच्या आधीच तुमची कॉफी पिण्याजोगी निवालेली आहे, आणि त्यानंतर तुम्ही ती पंधरा वेळा निववता.

मी मागे एकदा थर्मामीटर घालून पाहिलं होतं. डिकॉक्शन गरम पाण्यात वाटी ठेवून ऊन केलेलं होतं, दूध नुकतं उकळलेलं. मिश्रण ८२. पहिल्यांदा डबऱ्यात ओतलं तर एकदम ७६, कारण थंड स्टीलने उष्णता ओढली. पुढे दर ओतण्याला दोन-तीन अंश. पाच वेळा ओतल्यावर ६५. मला प्यायला तिथेच बरी वाटते. तेव्हा पाच-सहा वेळा पुरे. मुळात गरम सुरुवात केली तरच ओतायला तेवढी जागा मिळते.

अनिकेत७८
ते तापमान ठीक आहे, पण फेसाचं काय? फॅटच नसेल तर फेस येणार कुठून?

दुग्धशाळा
अनिकेतराव, अर्धं बरोबर आहे तुमचं. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३. त्याने कॉफी तोंडात भरीव लागते, हे खरं. पण बुडबुडा धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, हवेभोवती त्यांचं कवच बसतं. टोन्ड दुधाला उलट जास्त फेस येतो, फक्त तो हलका असतो. फुल क्रीमचा कमी पण बारीक आणि जड. फॅट सुटी झाली, दूध जुनं होऊन ती फुटायला लागली, की ती बुडबुडे मोडते. सकाळचं दूध चार वेळा तापवलं, दर वेळी साय गाळली, तर सायीबरोबर प्रथिनंही गेली आणि स्निग्धपणाही. चव पातळ लागते ती त्यामुळेही असेल.

अनिकेत७८
मी दहा वर्षं फुल क्रीमच वापरतोय आणि माझा फेस टिकतो.

दुग्धशाळा
टिकत असेल. तुम्ही ते ताजं वापरत असाल. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

माटुंगा_रुईया
माटुंग्याच्या हॉटेलांत कॉफी समोर आली की वाटीतून पेल्यात आपणच एकदा ओतायची, मग तिला चव येते. वर-खाली केल्याने हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि कडूपणा मरतो, असं मला एका वेटरने सांगितलं होतं. आणि हो, ती डिग्री कॉफी म्हणतात ना, ती चिकोरीचा अपभ्रंश.

कावेरीकाठ
आमच्याकडे डिग्री दुधाची समजतात. दुधात पाणी आहे का ते लॅक्टोमीटर घालून बघायचे, त्यावरची डिग्री. चिकोरीवरून नाव आलं असं म्हणणारेही आमच्याच गावात आहेत. घरात दोन मतं आहेत, मी आजीच्या बाजूची.

माटुंगा_रुईया
कुंभकोणमची व्यक्ती म्हणतेय तर ऐकतो, पण मला अजून चिकोरीच पटते.

कावेरीकाठ
असू द्या. मैलापूरचे दादा, धारेचं सांगते, कारण मामींचा हात तिथेच आहे. कडेवरून ओतलं तर कॉफी भिंतीवरून घसरत खाली जाते, हवा आत जातच नाही. धार मधोमध, कॉफीतच पडली पाहिजे. ती आत घुसताना हवा ओढून नेते, तोच फेस.

टंबलर काठोकाठ भरू नका, दोन-तृतीयांश पुरे. दोन्ही भांडी आधी जवळ धरा. धार सुरू झाली की वरचा हात सावकाश उचला, खालचा डबरा कमरेपाशी स्थिर. दीड-दोन फूट अंतर खूप झालं. धार सलग हवी, बोटभर जाड, तुटता कामा नये. तुटली की मोठे बुडबुडे येतात, जे तुम्हाला येतायत. संपत आली की हात परत जवळ आणा. शेवटचं ओतणं उंचावरून आणि टंबलरमध्ये, म्हणजे फेस वर येतो आणि तिथेच राहतो. आमच्या घरी याला आत्तणं म्हणतात, तमिळमधून आलंय. त्याचा अर्थ निववणं. फेस हा त्याचा दुसरा फायदा.

रोहिणी_ठाणे
उंचीच्या नादात माझ्या नवऱ्याचा डावा तळहात चांगला भाजला होता. टंबलर पूर्ण भरलेला, काठ धरायला जागा नव्हती, पहिलीच धार मनगटावर आली. त्याने आधी साध्या पाण्यावर हात बसवायला हवा होता. तुम्ही सिंकवर उभं राहून गार पाण्यावर वीस-पंचवीसदा करून बघा.

मैलापूरचा_भाडेकरू
पाण्यावर करून बघितलं. माझी धार खरंच कडेवरूनच जात होती, लक्षातच आलं नव्हतं. डबऱ्याची कड बाहेर वळलेली आहे, तिथून ओतलं की पसरते. टंबलरमधून नीट पडते.

कावेरीकाठ
डबऱ्यातून ओतताना झटक्यात तिरका करा, हळूहळू केला की कॉफी कडेला चिकटते. एक विचारू? भांडी कशाने धुता?

मैलापूरचा_भाडेकरू
एकच स्पंज आहे सगळ्याला. सांबार, तळणीची कढई, सगळं त्यानेच.

दुग्धशाळा
मग डबऱ्याला तेलाचा पापुद्रा असणार. डोळ्याला दिसत नाही. डबऱ्यात साधं पाणी फिरवून ओता. आतून पाणी सलग ओघळलं तर स्वच्छ, थेंब-थेंब होऊन राहिलं तर तेलकट. तेवढं तेलही फेस मोडायला पुरतं. कॉफीची भांडी गरम पाणी आणि साबणाने, वेगळ्या घासणीने धुवा.

माटुंगा_रुईया
माझ्या ऑक्सिजनच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही.

दुग्धशाळा
बोलतो. अर्ध्या मिनिटात ऑक्सिजन कडूपणा मारतो हे मला पटत नाही. पण कॉफी कमी कडू लागते, हे मलाही जाणवतं. तळाशी बसलेली साखर पूर्ण विरघळते, चमच्याने ढवळून ती बऱ्याचदा उरते. ८० अंशांच्या कॉफीत जीभ भाजते, काही कळत नाही. ६५ ला गोडी कळते. आणि ओठाला आधी फेस लागतो. हलत राहिल्याने वर साय धरत नाही, तेही आहे. यातलं कशाने किती फरक पडतो, ते मी वेगळं काढून पाहिलेलं नाही.

वास मात्र जातो, हे नक्की. दर धारेला थोडा उडतो. स्वयंपाकघर घमघमतं तो कपातलाच वास. म्हणूनही पंधरा वेळा नको.

माटुंगा_रुईया
मग माझ्या वेटरचा अनुभव बरोबर, कारण चूक. चालेल.

मैलापूरचा_भाडेकरू
आज दोन कॉफ्या केल्या. दोन्हीला भांडी साबणाने वेगळी धुतली, पाणी सलग ओघळतंय ते बघितलं. डिकॉक्शनची वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली. पहिलीला कालचंच, परत तापवलेलं दूध. सहा वेळा ओतली. फेस आधीपेक्षा बारीक आला, पण दोन मिनिटांत बसला. दुसरीला नवी पिशवी फोडली, एकदाच उकळवून लगेच घातलं. सहा वेळा ओतली. पेला अर्धा होईपर्यंत फेस होता, आणि कॉफी चटका बसेल इतकी गरम होती. म्हणजे दूधच मुख्य, बाकी सगळं मदतीला. पिशवीवर टोन्ड लिहिलंय, अनिकेतराव.

चव अजून मामींसारखी भरीव नाही.

कावेरीकाठ
५० मिली डिकॉक्शन बरंच झालं, तरी पातळ लागतंय तर ते दुसऱ्या पाण्याचं आहे का?

मैलापूरचा_भाडेकरू
हो, त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालतो. दोन्ही एकत्र ठेवतो.

कावेरीकाठ
आईसाठी फक्त पहिलं घ्या. तीस-पस्तीस मिली पुरेल, दूध थोडं वाढवा. दुसरं वेगळ्या भांड्यात, तुमच्या दुपारच्या कॉफीला.

अनिकेत७८
आणि त्या दिवशी एकदा फुल क्रीम घालून बघा. एकदाच.

मैलापूरचा_भाडेकरू
दोन्ही पिशव्या आणतो. आईला न सांगता दोन पेले देईन, कुठला आवडला ते शनिवारी इथे लिहितो.