आजीच्या पेटीत टाटा ऑइल मिल्सचे शेअर सापडले, कंपनी आता कुठे शोधायची?

पूर्वा_दारव्हा
आजी 81 वर्षांची आहे, गावीच राहते (दारव्हा तालुका). तिच्या लोखंडी पेटीत दोन शेअर सर्टिफिकेटं निघाली. दोन्ही 'दि टाटा ऑइल मिल्स कंपनी लिमिटेड'ची, एक 50 शेअरचं, एक 25चं. 50च्या कागदावर आजीचंच नाव आहे. 25च्या कागदावर मात्र दुसऱ्याच कुणाचं नाव आहे आणि त्याला टाचणीने एक गुलाबी फॉर्म लावलाय. टाचणी इतकी गंजली आहे की कागदाला तपकिरी भोक पडलंय. फॉर्मवर विकणाऱ्याची आणि आजीची सही आहे. कंपनीकडे दिलेला पत्ता यवतमाळचा, ते घर कधीच विकलं. सर्टिफिकेटवर 'सुमनबाई', पॅनवर 'सुमन'. कंपनीचं पुढे काय झालं आणि सुरुवात कुठून करू? तालुक्याला एक एजंट सगळं करून देतो म्हणतो, 25 टक्के मागतो.

वऱ्हाडी_मानूस
टाटाची कंपनी हाय, म्हणजे पैसा कुठं जात नाही. टाटा केमिकल्समध्ये गेली असंन. पण कागदी शेअर 2019 पासून बाद झाले नं जी, आता त्याचं काही होत नाही.

जुनी_खातेवही
कंपनी टाटांचीच होती, पण टाटांकडे राहिली नाही. हमाम आणि 501 साबण काढणारी टॉमको ती हीच. 1993 मध्ये ती हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. अदलाबदलीच्या प्रमाणावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1994 मध्ये न्यायालयाने ते प्रमाण कायम ठेवलं: टॉमकोच्या 15 शेअरमागे लिव्हरचे 2. पुढे 2000 साली लिव्हरने 10 रुपयांच्या एका शेअरचे 1 रुपयाचे दहा केले, आणि 2007 मध्ये नाव बदलून हिंदुस्तान युनिलिव्हर झालं. म्हणजे पूर्वा, तुझी कंपनी आज हिंदुस्तान युनिलिव्हर आहे.

2019चं म्हणशील तर 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करणं बंद झालं. ज्याचं नाव कंपनीच्या नोंदवहीत आहे, त्याची मालकी गेलेली नाही. तो आजही ते डीमॅटमध्ये घेऊ शकतो.

आता हिशेब. दोन्ही कागद आजीच्या नावे नोंदलेले असते तर 75 × 2 ÷ 15 = 10, आणि 2000 नंतर 100. पण 25चा कागद नोंदवहीत दुसऱ्याच्याच नावावर राहिला असेल तर आजीचे फक्त 50 धरायचे. 50 × 2 ÷ 15 म्हणजे 6 पूर्ण आणि वर दोन तृतीयांश. अशा तुकड्याचा शेअर मिळत नाही, सहसा पैसे मिळतात. 6चे झाले 60. म्हणजे तो गुलाबी फॉर्म, म्हणजे शेअर आजीच्या नावावर करण्याचा हस्तांतर अर्ज, 40 शेअरचा प्रश्न आहे.

म्हणून आधी 25च्या सर्टिफिकेटची मागची बाजू बघ. तिथे हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, नवं नाव, नवा फोलिओ, कंपनीची सही. तिथे आजीचं नाव चढलेलं असेल तर समोर कुणाचंही नाव असो, मालक आजी.

विजय_अकोला
वारसाहक्क प्रमाणपत्र लागेल. दिवाणी न्यायालयात अर्ज करा, वर्षभर धरून चाला. सगळ्या वारसांची संमतीपत्रंही लागतील.

जुनी_खातेवही
विजयभाऊ, आजी हयात आहे. ते सगळं धारक वारल्यावर. म्हणून तर हे काम आत्ता उरकलेलं बरं, आजीच्या सहीने होतं तोवर.

मॉडेल_मिल_नागपूर
आमच्याकडे नागपूरच्या मॉडेल मिलचे आहेत. मिल एनटीसीकडे गेली, मग एनटीसीचे शेअर मिळतील ना? हाच मार्ग का?

जुनी_खातेवही
नाही. 1974च्या राष्ट्रीयीकरणात सरकारने गिरणी घेतली, कंपनी नाही. मोबदला कंपनीच्या नावे निघाला आणि त्यातून आधी तिची देणी भागवायची होती. भागधारकाला बदली शेअर मिळाले नाहीत. जुनी कंपनी शोधायची तर mca.gov.in वर नाव टाकून स्थिती बघायची. 'Amalgamated' दिसलं तर पुढची कंपनी शोधण्यात अर्थ आहे. 'Strike Off' किंवा 'Under Liquidation' दिसलं तर हाती काही लागण्याची आशा फार थोडी.

पूर्वा_दारव्हा
25च्या कागदाची मागची बाजू कोरी आहे. फक्त छापील तक्ता. मग 50चं तरी कसं करू? आजीची सही आता थरथरते, जुन्यासारखी येत नाही.

बँकवाली_ताई
सहीचं घाबरू नको, नेहमीची अडचण आहे. आजीचं खातं ज्या बँकेत आहे तिथे ISR-2 फॉर्म न्यायचा. शाखाधिकारी तिची आजची सही समोर बघून साक्षांकित करतात. तीच सही पुढे सगळीकडे चालते, म्हणून आजीला म्हणावं, एकदा जमेल तशीच करा पण पुढेही तशीच करा. शाखेत आधी फोन कर, शिक्क्यासोबत अधिकाऱ्याचं नाव आणि कर्मचारी क्रमांक लागतो. तो राहिला की फॉर्म परत येतो. ISR-1 मध्ये पॅन, नवा पत्ता, बँक खातं. 'सुमनबाई' आणि 'सुमन' एकच, असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोड. 100चे स्टॅम्प महाराष्ट्रात 2024 मध्ये बंद झाले, 500चा घ्यावा लागेल.

जुनी_खातेवही
ताईंनी सांगितलेलं सगळं कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जातं. हिंदुस्तान युनिलिव्हरचे शेअर केफिन टेक्नॉलॉजीज, हैदराबाद सांभाळते. मूळ सर्टिफिकेट पहिल्याच पत्रासोबत पाठवू नकोस. फोलिओ, सर्टिफिकेट क्रमांक आणि अनुक्रमांकांची पट्टी (अमुकपासून अमुकपर्यंत) लिहून झेरॉक्स जोड आणि विचार: आजच्या नोंदीत किती शेअर आहेत आणि ते आयईपीएफकडे गेलेत का?

बहुधा गेलेच असतील. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर या सरकारी निधीकडे जातात. यवतमाळचा पत्ता सुटल्यावर लिव्हरचं नवं सर्टिफिकेटही परत गेलं असणार. iepf.gov.in वर नावाने शोधता येतं, पण 'Sumanbai', 'Suman Bai', नुसतं 'Suman' असं सगळं टाकून बघ.

शेअर तिकडे असतील तर आजीच्या नावे डीमॅट खातं आधी उघड, कारण परत मिळतात ते डीमॅटमध्येच. रजिस्ट्रारच्या तपासणीनंतर कंपनी हक्कपत्र देते. ते हाती आल्यावरच IEPF-5 भर. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, म्हणून शेअर आणि लाभांश दोन्ही त्यातच घाल. फॉर्मला फी नाही. छापलेला फॉर्म, नुकसानभरपाईचा बाँड, मूळ सर्टिफिकेट, रद्द केलेला चेक हे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचं. एजंट करणार ते एवढंच. 25 टक्के म्हणजे 60 पैकी 15 शेअर.

वऱ्हाडी_मानूस
माहीत नव्हतं जी. पण त्या 25चं काय? आजीनं पैसे तं मोजले असतीनच.

जुनी_खातेवही
मोजले असणार, पण कंपनी नोंदवही बघते. फॉर्म कंपनीकडे गेला होता का, हे आधी बघायला हवं. जुलै 2025 मध्ये सेबीने सहा महिन्यांची खास मुदत दिली होती, तीसुद्धा 1 एप्रिल 2019 पूर्वी दाखल होऊन त्रुटीमुळे परत आलेल्या फॉर्मसाठीच. पूर्वा, पेटीत कंपनीचं त्रुटी दाखवणारं पत्र किंवा रजिस्टर्ड पोस्टाची पावती आहे का? आणि फॉर्मच्या माथ्यावरच्या गोल शिक्क्यात तारीख कोणती?

पूर्वा_दारव्हा
शिक्का पुसट आहे, 7 आणि 8 मधलं काय ते कळत नाही. पेटीच्या तळाला जुनी पाकिटं आहेत, रविवारी गावी जाऊन एकेक उघडून बघते. ISR-2 घेऊन सोमवारी आजीला बँकेत नेते.