मदत हवी आहे: 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख अकरावीच्या मुलीला कसा समजावू?

मेघना_वाई

माझी भाची अकरावीत आहे. तिला प्रकल्पासाठी केसरीतला ९ जून १९०८ चा अग्रलेख दिलाय. त्याची भूमिका काय, ती कशाच्या आधारावर मांडली आहे आणि लेखात काय सुटलंय, असं तीन भागांत लिहायचं आहे. तिने पहिल्या भागात एकच वाक्य लिहिलं, "लेखकाचा बॉम्बला पाठिंबा आहे." मी म्हटलं, असं नाही गं. ती म्हणाली, "मग शिक्षा कशी झाली?" पुढे मला नीट बोलता आलं नाही. तिसऱ्या भागाचं तर आम्हा दोघींनाही सुचत नाहीये. जे लिहिलंच नाही ते शोधायचं तरी कसं?

राजेश_पवार

सोपं आहे ताई. रँडच्या खुनानंतर 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय' लिहिला म्हणून टिळकांना मंडालेला पाठवलं. त्याच रागातला हा पुढचा लेख. भूमिका एकच, सरकारविरोध. शिक्षा झाली म्हणजे लेख जहाल होता, हे भाचीचं बरोबरच आहे.

जोशी_सर (निवृत्त)

राजेशराव, दोन खटले एकत्र झालेत. रँडचं प्रकरण १८९७ चं. त्या वर्षी दीड वर्षाची शिक्षा झाली, पण त्या खटल्यात पुढे केलेला मजकूर खुनाच्या आधीचा, १५ जूनच्या अंकातला होता. तुम्ही म्हणता तो अग्रलेख ६ जुलैचा. मंडाले १९०८ चं, आणि ते १२ मेच्या 'देशाचे दुर्दैव' आणि मेघनाताई विचारतायत त्या लेखामुळे. लेख जहाल होता हे मात्र तुमचं खरं.

ताई, भाचीला आधी तारखांची ओळ काढायला सांगा. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि दोन इंग्रज बायका त्यात मेल्या. २ मे रोजी कलकत्त्यात, तरुण जिथे बॉम्ब करत त्या माणिकतळ्याच्या बागेवर छापा पडला. ८ जूनला सरकारने एकाच दिवसात दोन कायदे केले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वर्तमानपत्रांचा, ज्यात छापखाना जप्त करता येई. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हा अग्रलेख आला. म्हणजे मथळ्यातले 'हे उपाय' म्हणजे ते दोन कायदे. बॉम्ब हा उपाय आहे की नाही, यावर हा लेख नाहीच. तिचं पहिलं वाक्य चुकलं ते मथळ्यातला 'हे' कुणाकडे बोट दाखवतो ते न पाहिल्यामुळे.

मेघना_वाई

सर, हे तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं! मग तिचं वाक्य असं करू का: "दडपशाहीच्या कायद्यांनी बॉम्ब थांबणार नाहीत, लोकांना स्वराज्याचे हक्क द्यायला सुरुवात केली तरच थांबतील"?

जोशी_सर (निवृत्त)

उत्तम. आता त्याला आधार काय दिलाय ते पाहा. माझ्या मते सगळा लेख एका फरकावर उभा आहे. बंदूक ही वस्तू आहे. ती करायला कारखाना लागतो, म्हणून हत्यारांचा कायदा करून लोकांकडून ती काढून घेता येते. बॉम्ब मात्र वस्तूपेक्षा विद्या जास्त. लेखक त्याला मंत्र-तोडग्याच्या रांगेत बसवतो. लष्कराला लागणाऱ्या बॉम्बसाठी मोठा कारखाना हवा, पण चार माथेफिरूंना लागतील एवढे बॉम्ब एखाद-दोन बरण्या आणि पाच-दहा बाटल्यांत होतात, असं तो माणिकतळ्याकडे पाहून म्हणतो. डोक्यातली विद्या पोलिसांना जप्त करता येत नाही. मग राहिलं काय? ती वापरावीशी वाटू नये असं करणं. आणि तसं कधी वाटतं? आपली बुद्धी, ताकद, त्याग देशाच्या कामी दुसऱ्या कुठल्याच वाटेने येत नाही असं तरुणाला वाटतं तेव्हा. म्हणून ती वाट मोकळी करा, म्हणजेच हक्क द्या.

तिला हे पाठ करायला लावू नका. "बॉम्ब ही विद्या आहे" हे वाक्य खोडलं तर पुढचं काय पडतं, ते तिला स्वतःला पाहू द्या. जवळजवळ सगळं पडतं.

अभ्यासिका_क्र_७

मी राज्यसेवेची तयारी करतोय. रोज दोन अग्रलेखांचे मुद्दे काढतो, पण परीक्षेत ते आठवत नाहीत. कुठला पेपर लावावा? एका क्लासच्या टिपणांत प्रत्येक अग्रलेखाखाली 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोन रकाने असतात. तसं केलं तर चालेल का?

जोशी_सर (निवृत्त)

तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहीन. एक मात्र इथेच सांगतो, रकान्यांत घातलं की कुठला मुद्दा कशावर टेकलाय ते दिसेनासं होतं. म्हणून ते आठवत नाही.

मेघना_वाई

आज संध्याकाळी बसलो. ते वाक्य खोडून पाहिलं, तिला एकदम कळलं. पण ती परत शिक्षेवरच आली. "बॉम्ब का होतात ते सांगणं आणि बॉम्ब बरोबर आहे म्हणणं यात फरक आहे, तर तो न्यायाधीशाला का दिसला नाही?"

सुलभा_देशमुख

मी वकिली करते, म्हणून या प्रश्नावर थांबले. खटला त्याच फरकावर लढला गेला. टिळकांनी स्वतःच बचावाचं भाषण केलं, ते वीस तासांच्या वर चाललं. कोर्टातल्या इंग्रजी भाषांतरावर त्यांचे आक्षेप होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. न्या. दावरांनी २२ जुलैला सहा वर्षांची सजा दिली. पण भाचीला "न्यायाधीश आंधळा होता" एवढंच सांगू नका. "हक्क दिले नाहीत तर बॉम्ब होत राहतील" हे वाक्य अंदाज म्हणूनही वाचता येतं आणि धमकी म्हणूनही. शब्द तेच. लेखात दोन्हींना जागा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

राजेश_पवार

खटल्यांची चूक मान्य, सर. पण मूळ लेख खाडिलकरांनी लिहिले आणि टिळकांनी संपादक म्हणून अंगावर घेतले, असंही ऐकलंय. मग भूमिका कुणाची लिहायची?

जोशी_सर (निवृत्त)

तसं म्हणतात खरं. अग्रलेख सहीशिवाय असतो, म्हणून 'केसरीची भूमिका' लिहावं. म्हणजे प्रश्नच मिटतो.

आता तिसरा भाग. सुटलेले मुद्दे म्हणून जगातलं काहीही लिहितात मुलं: शेतकऱ्यांबद्दल नाही, स्त्रियांबद्दल नाही. ते नको. लेखकाच्या स्वतःच्या निष्कर्षाला जे लागतं पण त्याने दिलेलं नाही, तेवढंच सुटलेलं धरावं. इथे मला दोन गोष्टी दिसतात. हक्कांची नुसती सुरुवात केली की बॉम्ब थांबतील, हे धरून चाललंय. बॉम्ब करणाऱ्यांना सुरुवात हवी होती की सगळंच हवं होतं? दुसरं, हक्क द्यायला वर्षं लागणार. तोवर उद्या बॉम्ब पडला तर सरकारने काय करायचं? 'टिकाऊ' हा शब्द निवडून लेखाने उद्याचा प्रश्न बाजूला ठेवला.

सुलभा_देशमुख

आणि मेलेल्या दोघी? सर, त्या तुमच्या कसोटीत बसत नाहीत म्हणून सोडायच्या?

जोशी_सर (निवृत्त)

१२ मेच्या लेखात त्यांचा निरपराध म्हणून उल्लेख आहे. पण ९ जूनचा युक्तिवाद त्यांच्याशिवाय पुरा होतो, हे खरं. माझी कसोटी तिथे तोकडी पडते का, यावर मला विचार करावा लागेल.

मेघना_वाई

भाचीने दोन्ही लिहिलंय, सरांचे दोन मुद्दे आणि खाली ताईंचा. शेवटी तिने मलाच विचारलं: कालच छापखाना जप्तीचा कायदा झालेला असताना लिहिणाऱ्याने काही गोष्टी मुद्दाम सोडल्या असतील, तर ते सुटलेलं धरायचं की गाळलेलं? वहीत ती जागा रिकामी ठेवलीय. सोमवारी वही द्यायची आहे.