बटर-साखर फेसत बसायचं की सरळ तेल ओतायचं?

मेघा_नागपूर: २०० ग्रॅम बटर, २०० साखर, ४ अंडी, २०० मैदा असा साधा केक केला. बटर ओट्यावर दोन तास ठेवून छान मऊ करून घेतलं, बीटरने दहा मिनिटं फेटलं. तरी केक बसका झाला आणि तळाला तुपकट थर आला. उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी विटेसारखा. एवढी मेहनत करण्यापेक्षा तेल का वापरू नये?

ओव्हनवाला_काका: मेच्या नागपुरात ओट्यावर दोन तास म्हणजे बटर मऊ नव्हे, वितळायच्या बेतात. ३२-३५ अंशांना ते पातळच होतं. फेसायला १८-२० अंशांचं लागतं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी नको. साखरेचे कंगोरे अशा घट्टसर बटरमध्ये घुसतात आणि त्यांच्यासोबत हवा आत अडकते. बेकिंग पावडर नवे बुडबुडे बनवत नाही, असलेलेच फुगवते. तुमच्याकडे फुगवायला काही नव्हतंच.

सुगरण_पार्ल्याची: काका, हे सगळं खरं असेल, पण लोणी-बटर फक्त वासासाठी असतं. ओलावा तेलातच. मी दहा वर्षं तेलाचेच केक करतेय, चार दिवस मऊ राहतात.

ओव्हनवाला_काका: मऊ राहतात हे बरोबर, पण कारण ओलाव्याचं नाही. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, तेलात नसतं. तरी तेलाचा केक ओला वाटतो, कारण तेल फ्रीजमध्येही पातळच राहतं आणि बटर गोठतं. मेघाताई, ती वीट कापून अर्धा तास बाहेर ठेवून बघा, नाहीतर दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये. बरीचशी नरम होईल.

सुगरण_पार्ल्याची: मग पाहुणे आल्यावर आधी केक तापवत बसू का? 😄

दादरचा_बबन: मी तर काही फेसत नाही. रवा, दही, साखर, तेल, खायचा सोडा. कुकरमध्ये शिटी काढून पस्तीस मिनिटं. झकास होतो. यांत्रिक बीटर कशाला हवा?

ओव्हनवाला_काका: बबनराव, तुमच्याकडे दही आणि सोडा मिळून गॅस बनवतात, त्यामुळे हवा कोंडायची गरज नाही. चवीला छान, पण पोत भरड आणि जरा दडस. मेघाताई विचारतायत तो बारीक, एकसारख्या जाळीचा केक. ती जाळी फेसण्यातून येते. तेलात साखर कितीही घुसळा, तेवढी हवा टिकत नाही. तेलाच्या केकात ते काम अंडी नाहीतर सोडा करतात.

आजीची_नात: आजी नानकटाईला तूप-साखर परातीत तळहाताने फेसायची, पांढरं होईपर्यंत. पातळ तूप असलं की म्हणायची, "आज नाही होणार, थंडी पडू दे." आता कळलं का ते!

मेघा_नागपूर: साखर दळून घेतली होती, ते चुकलं का?

ओव्हनवाला_काका: हो, थोडं. पिठीसाखरेला कंगोरे उरत नाहीत. आपली साखर जाड असते म्हणून मिक्सरवर दोन झटके द्या, बारीक रव्याइतकी. फेसताना पिवळं बटर साईच्या रंगाचं झालं आणि आकार वाढला की थांबा. बीटरच्या घर्षणानेही बटर तापतं, म्हणून मध्येच चकाकी दिसली तर भांडं पाच मिनिटं फ्रीजमध्ये. घरचं लोणी मात्र नको, त्यात ताक राहतं.

सुगरण_पार्ल्याची: आणि तेल घालायचंच असेल तर? तेवढंच घालायचं का?

ओव्हनवाला_काका: नाही. २०० ग्रॅम बटरऐवजी १६० ग्रॅम तेल आणि दोन मोठे चमचे दूध. पण मग पद्धतही बदला: आधी अंडी-साखर फेटून दाट करा, मग तेल धार धरून. मी तर १५० बटर फेसतो आणि अंड्यांनंतर ४० ग्रॅम तेल घालतो. जाळीही राहते, फ्रीजमध्ये कडकही कमी होतो.

सुगरण_पार्ल्याची: असं अर्धं-अर्धं केलं तेव्हा माझं मिश्रण फाटलं. मी पुन्हा करणार नाही.

ओव्हनवाला_काका: अंडी गार होती का?

सुगरण_पार्ल्याची: फ्रीजमधलीच होती. पण तेल नसतं तर फाटलं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

मेघा_नागपूर: आज सकाळी सहाला पुन्हा केला. बटर फ्रीजमधून काढून तुकडे केले आणि पंधरा मिनिटांतच फेसायला घेतलं. जाळी बारीक आली, तळाचा थर गेला. सासूबाईंनी मात्र फ्रीजमधला तुकडा उचलून विचारलं, "हा परवाचाच का?"