मदत हवी आहे : कथेतला म्हातारा काही केल्या पटत नाहीये

अर्धा_मसुदा:
कथा रविवारपर्यंत पाठवायची आहे आणि मी एकाच जागी अडकले आहे. नवा कोरा कृषी अधिकारी, वय चोवीस. गावातले आबा, वय सत्तरच्या पुढे, ज्यांचं बघून बाकीचे पेरतात. तो त्यांना नवीन वाण पेरायला सांगतो, ते नाही म्हणतात आणि शेवटी हो म्हणतात. हे "शेवटी हो" कसं आणू? मी त्याला दीड पानाचं भाषण दिलंय. वाचताना मलाच झोप येते. शेतीतलं कुणी असेल तर लवकर सांगा, प्लीज.

तिफण:
पीक कोणतं? कोरडवाहू की पाण्याखाली? वाण सुधारित की संकरित? आबा नाही म्हणतात ते कशावरून? यातलं काहीच नसेल तर ते हो तरी कशाला म्हणतील?

अर्धा_मसुदा:
पीक महत्त्वाचं नाहीये हो, कथा माणसांची आहे. पण हरभरा धरा. विहीर आहे गावात.

रोखठोक:
आबांचंच बरोबर आहे. नवीन बियाणं एकदा घेतलं की दर वर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं बी संपतं. कथेत हेच दाखवा, अधिकाऱ्याला हरवा.

तिफण:
रोखठोक, ते संकरित बियाण्याचं झालं. हरभऱ्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे सुधारित वाणाचं निवडून ठेवलेलं बी दोन-तीन हंगाम घरचंच चालतं. आबांना हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. त्यांची शंका वेगळी हवी.

ताई, विहीर गावात आहे की आबांच्या रानात?

अर्धा_मसुदा:
नाही, आबांचं रान कोरडं आहे. त्याने काय फरक पडतो?

तिफण:
सगळा. थोडं लांबेल, वाचा.

आबा काही पुस्तक वाचून पेरत नाहीत. पाभरीमागे चालत बी सोडताना त्यांची चाड्यावरची मूठ ठरलेली असते. हरभऱ्यात दोन ओळींत 30 सेंटिमीटर, दोन झाडांत 10, म्हणजे दहा गुंठ्यांत साधारण 33,000 झाडं. आबांचा जुना हरभरा बारीक आहे, शंभर दाण्यांचं वजन 18 ग्रॅम धरा. मग त्यांना दहा गुंठ्यांना सहा किलो बी पुरतं आणि हे सहा किलो त्यांच्या हातात बसलेलं आहे.

आता नवीन वाणाला आबांनी शेजारचा दहा गुंठ्यांचा पट्टा दिला असं धरा. हा वाण टपोऱ्या दाण्याचा आहे, शंभर दाणे 30 ग्रॅम. तुमचा पोरगा काय करेल? आबांना विचारेल, "किती लागतं?" आबा म्हणतील "सहा". तो सहा किलोची पिशवी देऊन मोकळा. सहा किलोत दाणे भरतात 20,000. त्यातले सगळे उगवत नाहीत. शेजारी आबांचा पट्टा गच्च आणि याचा विरळ, मधून जमीन दिसतेय. दहाव्या-बाराव्या दिवशी अख्खं गाव बांधावरून बघून जातं.

हे मी कथेसाठी रचलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या हंगामात मी स्वतः हेच केलं. लागत होतं दहा किलो.

अर्धा_मसुदा:
अय्यो. म्हणजे चूक अधिकाऱ्याची? मग आबा पटणार कसे? मला उलटं हवंय.

बांधावरून:
नांग्या भरा म्हणावं, रिकाम्या जागी पुन्हा बी टोका. आमच्याकडे दर वर्षी भरतो.

तिफण:
तुमच्याकडे पाणी असेल. म्हणूनच मी विहिरीचं विचारत होतो. कोरडवाहू हरभरा जमिनीतल्या ओलीवर उगवतो. बारा दिवसांत वरची ओल खाली जाते, मागाहून टोकलेला दाणा धड उगवत नाही, उगवला तरी पुढच्यांना गाठत नाही. पोराला बसून बघण्याखेरीज काही करता येत नाही. ताई, तुमचं दीड पान इथे खर्च करा.

माझं_नाव_काय:
नमस्कार. आपण नवीन बियाणं वापरणार आहात हे वाचून आनंद झाला. पिशवीवरचा टॅग आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूत बियाण्याचा पांढरा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 85 च्या खाली उगवले तर तक्रार करा. आपल्या सासऱ्यांना पटेल.

अर्धा_मसुदा:
आबा माझे सासरे नाहीत. कथा आहे. पण गोणपाट घेते, आबा एकेक कोंब मोजतायत हे छान दिसेल.

जुनी_पानं:
नुकसानीची हमी द्या, प्रश्नच मिटतो. 1903 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप यांनी तेच केलं. सरकारी शेतावर दाखवलेलं शेतकऱ्यांना पटत नव्हतं, म्हणून पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्याच रानात प्रयोग लावला आणि तोटा झाला तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले. पोर्टरला नफाच झाला. तुमचा अधिकारी आबांना तसंच म्हणू दे.

तिफण:
नॅप यांचं खरं मर्म शेतकऱ्याच्या रानात त्याच्याच हाताने करून घेण्यात होतं. हमी दिली तर आबा बांधालगतचा, झाडाच्या सावलीतला तुकडा देतील आणि त्याच्याकडे फिरकणारही नाहीत. माझ्या अनुभवात हमीचा प्लॉट अनाथ असतो.

जुनी_पानं:
तुमचा अनुभव एका माणसाचा. ज्याच्या घरात वर्षभराचं धान्य त्या तुकड्यातून येतं त्याला हमी नको म्हणणं सोपं आहे, नोकरीवाल्याला.

तिफण:
हे मान्य. पण या कथेतले आबा दहा गुंठ्यांवर उपाशी राहणारे नाहीत. गाव ज्यांच्याकडे बघून पेरतं, त्यांना पैशापेक्षा नाव जाण्याची भीती जास्त.

अर्धा_मसुदा:
भांडू नका ना, रविवार आहे! विरळ पट्ट्यापुढे काय होतं?

तिफण:
आबांच्या रानात वर्षानुवर्षं हरभऱ्यावर हरभरा आहे का? असेल तर तिथे मर रोग असणार. फुलोऱ्याच्या सुमारास हिरवं झाड माना टाकतं आणि वाळतं. आबा म्हणतील ओल कमी पडली. पोराने वाद न घालता झाड उपटावं, मूळ उभं चिरावं आणि त्यांच्या हातात द्यावं. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते. ओल तुटून वाळलेल्या झाडात ती नसते. मग आबा स्वतः विरळ पट्ट्यातलं झाड उपटतील, चिरतील. ते पांढरं निघेल, कारण नवीन वाण मरला प्रतिकारक धरा. प्रतिकारक वाणातही चार झाडं जातात हं, एकही मेलं नाही असं लिहू नका.

पण आबा तोपर्यंत ऐकून घेतील ते एका कारणाने. बाराव्या दिवशी पोरगा म्हणाला होता, "आबा, बी माझ्या चुकीने कमी पडलं. तुमच्या मुठीचा दोष नाही." तेही चार माणसांसमोर.

रोखठोक:
म्हणजे उत्पादन जास्त आलंच?

तिफण:
नाही. विरळ पिकात फांद्या जास्त फुटतात, पण सगळी तूट भरून निघत नाही. मळणी वेगळी केली, मापं आबांनीच घातली, तर दोन्ही पट्टे साधारण सारखेच भरले असं दाखवा. आमचे तसेच भरले होते.

रोखठोक:
मग जिंकलं कोण? असा शेवट कुणी वाचत नाही.

अर्धा_मसुदा:
मला आवडतंय. भाषण सगळं उडवलं. आबा हो म्हणतच नाहीत, फक्त पुढच्या हंगामात पाभरीवर बसायच्या आधी ते टपोरे दाणे मुठीत घेऊन रिकाम्या अंगणात चालून बघतात. हे चालेल का? आणि पाभरीवर बसतात की मागून चालतात?

तिफण:
मागून चालतात. बी चाड्यात मुठीने सोडतात. वर बसायचं काही नसतं, ते आधी सुधारा.

गच्चीबाग:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, कुंडीतल्या हरभऱ्याचे शेंडे खुडावेत का? माझा नुसताच उंच जातोय.